बाबांचा स्वेटर ईशानला कसा बसला?

डिसेंबरात नाशिकला ताईकडे गेले होते. दार उघडलं माझ्या भाच्यानं, ईशाननं. वय वर्षं दहा. अंगात राखाडी स्वेटर, पण काय तो स्वेटर! पुठ्ठ्यासारखा ताठ. ईशानचे हात कोपरात वाकतच नव्हते. बिचारा कवायतीला उभा असल्यासारखा दिसत होता.

"नवा वाटतं?" मी विचारलं.

"नवा नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबांचा आहे."

आता त्याचे बाबा, म्हणजे आमचे भाऊजी, सहा फूट उंच. छातीनं भक्कम. त्यांचा स्वेटर याच्या मापाचा? आतून ताईचा आवाज आला, "सांग सांग, मावशीला पण सांग तुझा पराक्रम."

पराक्रम असा होता. ईशानच्या हातून बाबांच्या स्वेटरवर चहा सांडला. घरी कोणी नव्हतं. कुणाला कळायच्या आत धुऊन टाकू, असा चांगला विचार करून त्यानं स्वेटर मशीनमध्ये घातला. डाग नक्की जावा म्हणून पाणी 60 अंशांवर ठेवलं, नेहमीची पावडर एक माप लागते तिथं दोन टाकली आणि सगळ्यात लांबचा, दीड तासाचा कार्यक्रम लावला.

डाग गेला. जाताना अर्धा स्वेटर घेऊन गेला.

हा स्वेटर आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, दोन महिने बसून विणलेला. आजी काही बोलली नव्हती, आणि तेच ईशानला जास्त लागलं होतं. पण त्याला एक प्रश्नही पडला होता. "मावशी, उरलेला स्वेटर गेला कुठे? मशीनच्या जाळीत तर थोडंसंच लोकरीचं भुसकट होतं."

मला हा प्रश्न फार आवडला. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला. आजीला विचारलं, लोकर किती लागली होती? आजीच्या असल्या गोष्टी तोंडपाठ असतात. 50 ग्रॅमचे 13 गुंडे आणले होते, 12 संपले, तेरावा तिच्या पेटीत अजून आहे. म्हणजे स्वेटर 600 ग्रॅमचा. काट्यावर ठेवला तर 590 च्या आसपास भरला. लोकर कुठेही गेली नव्हती! जेवढी होती जवळपास तेवढीच सगळी होती, फक्त एकमेकांना चिकटून, दाटीवाटीनं बसली होती. आपण म्हणतो 'स्वेटर आटला', पण दूध आटतं तेव्हा त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. इथं काहीच गेलं नव्हतं. लोकलमधल्या माणसांसारखी लोकर नुसती आत आत सरकली होती.

पण सरकली कशी? लोकरीला पाय का असतात?

असतात असं समजा. हे तुम्हालाही करून बघता येईल. कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो, ते मूळ. दुसरं टोक ते शेंडा. आता केस अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरा आणि अंगठा केसाच्या लांबीच्या दिशेनं पुढं-मागं, पुढं-मागं चोळत राहा. आम्ही ताईचा केस घेतला. ईशाननं चोळायला सुरुवात केली आणि केस चिमटीतून हळूहळू चालायला लागला! अंगठा दोन्हीकडे सारखाच फिरतोय, तरी केस मात्र एकाच दिशेनं जातोय, मुळाच्या दिशेनं. ईशाननं केस उलटा करून धरला. आता तो विरुद्ध बाजूला निघाला, पण पुन्हा मूळ पुढं आणि शेंडा मागं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांना हा खेळ वेगळ्या रूपात माहीत असेल. कुसळं असलेली गव्हाची ओंबी देठाची बाजू वर करून सदऱ्याच्या बाहीत घालायची आणि हात हलवत चालायचं. थोड्या वेळानं ओंबी पार काखेपर्यंत चढलेली असते. तिला कुणी ढकललेलं नसतं. कुसळावर बारीक दाते असतात आणि ते सगळे एकाच बाजूला कललेले असतात. त्यामुळे ओंबी देठाकडून सहज सरकते, उलटी यायला लागली की अडकते. प्रत्येक हिसक्याला एक पाऊल पुढं, मागं मात्र नाही.

केसावरही असंच काहीतरी असतं. साध्या डोळ्यांनी केस गुळगुळीत तारेसारखा दिसतो. चांगल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर त्यावर खवले दिसतात, कौलारू घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले. सगळ्या खवल्यांच्या कडा शेंड्याकडे. आणि लोकर म्हणजे दुसरं काय? मेंढीचे केसच. तिच्यावरचे खवले तर आपल्या केसांपेक्षा जास्त उठून असतात. तंतूही बारीक. मऊ मेरिनो लोकरीचा एक तंतू साधारण 20 मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे असे 50 तंतू शेजारी शेजारी ठेवले तर पट्टीवरचा एक मिलिमीटर भरेल.

चिमटीतल्या केसाचा हा प्रयोग मी शोधलेला नाही बरं का. गास्पार मोंज नावाचा एक मोठा फ्रेंच गणिती होता. टोप्या करणारे कारागीर लोकर आणि प्राण्यांचे केस नुसते दाबून-चोळून त्यांचं कापड कसं बनवतात, याचं त्याला कुतूहल होतं. 1790 साली त्यानं यावर एक लेख लिहिला आणि कारण दिलं ते खवल्यांचं. खवल्यांची कल्पना त्याला सुचली ती बोटांत केस चोळून.

आता बाबांच्या स्वेटरकडे परत येऊ. स्वेटरच्या एका धाग्यात असे शेकडो तंतू पिळलेले असतात. कुणाचं मूळ इकडे, कुणाचं तिकडे. कोरडे असताना ते आपापल्या जागी निवांत असतात. पाण्यात गेले की तंतू पाणी पितात, फुगतात, लवचीक होतात आणि खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. साबणाचं पाणी तंतूंना निसरडं करतं, त्यामुळे सरकणं सोपं होतं. आणि मग मशीनचा ड्रम फिरायला लागतो. धप्प, धप्प, धप्प. प्रत्येक आदळण्याला प्रत्येक तंतू आपल्या मुळाच्या दिशेनं एक बारीक पाऊल टाकतो. इकडचा तिकडे घुसतो, तिकडचा इकडे. वाटेत एकाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यात अडकतात. मागं यायची सोय नाहीच! दीड तास हे चाललं की जाळी दाट होते, कापड आखडतं, जाड होतं, टाके दिसेनासे होतात. अशा जमून बसलेल्या लोकरीला नमदा म्हणतात.

नमदा ही काही नेहमी दुर्घटनाच असते असं नाही. काश्मीरमध्ये मुद्दाम नमदे करतात. लोकर पिंजून चटईवर थरांनी पसरायची, साबणाचं पाणी शिंपडायचं, चटई गुंडाळायची आणि ती पायानं दाबत लाटत राहायचं. ना विणणं, ना शिवणं, तरी जमिनीवर अंथरायला जाडजूड गालिचा तयार. तुम्ही गल्लीत क्रिकेट खेळता त्या टेनिसच्या चेंडूवरचं पिवळं केसाळ कापडही याच जातीचं. त्यात सहसा लोकर आणि नायलॉन एकत्र असतं.

"म्हणजे मी मशीनमध्ये नमदा केला," ईशान म्हणाला. थोडा अभिमानानंच.

तेवढ्यात त्याला दुसरा प्रश्न सुचला. "मग मेंढी पावसात भिजते, ती का नाही आटत?"

आम्ही सगळे हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. धनगरांची मेंढरं पावसात भिजतात, एकमेकांना घासत चालतात. पाणी आहे, घासणं आहे. तरी घरी परतताना मेंढी तेवढीच! कारण असं की तिच्या अंगावरच्या सगळ्या तंतूंची मुळं कातडीत घट्ट रोवलेली असतात आणि सगळ्यांचे शेंडे बाहेर असतात. चालायची इच्छा असली तरी मूळ पुढं काढणार कसं? शिवाय लोकरीवर मेंढीच्या अंगचा मेणचट थर असतो, तो पाणी पटकन आत शिरू देत नाही. आपल्या डोक्यावरचे केसही याच कारणानं रोज नमदा होत नाहीत. मात्र गळालेले केस तसेच अडकून राहिले, विंचरलेच नाहीत, की काय होतं ते साधूंच्या जटांवरून दिसतं.

एवढं झाल्यावर ताई म्हणाली, "ते सगळं खरं, पण मी याला शंभरदा सांगते, स्वेटर पावडरमध्ये धुवायचा नसतो, त्याचं वेगळं लिक्विड असतं. पावडरनंच आटला तो."

पावडरनं? की गरम पाण्यानं? की मशीननं? संशयित तीन, आणि तिघांनी एकदमच काम केलेलं. आता कुणाला पकडायचं? आजी उठली, पेटीतून तेरावा गुंडा काढला आणि सुया घेऊन बसली. दोन संध्याकाळी खर्चून तिनं चार चौकोन विणले, प्रत्येक 10 सेंटिमीटर लांब, 10 रुंद. अगदी साधी सुलट-उलट वीण. चौथा संपता संपता गुंडाही संपला.

ईशाननं प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. पहिला चौकोन वूल वॉशच्या, म्हणजे लोकरीच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात 10 मिनिटं नुसता बुडवून ठेवला, मधून मधून हलकेच दाबला. दुसरा त्याच पाण्यात, तेवढाच वेळ, पण दोन तळव्यांत सारखा चोळला. तिसरा पावडरच्या कोमट पाण्यात, न चोळता. चौथा पावडरच्या गरम पाण्यात, चोळून चोळून. (तिथं पाणी ताईनं ओतलं, चोळणं रबरी हातमोजे घालून मी केलं.) सगळे साध्या पाण्यातून काढले, टॉवेलवर आडवे वाळवले आणि दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन बसलो.

पहिला 10 चा 10. टाके स्पष्ट. चौथा 8 सुद्धा भरेना, आणि जाड झालेला. हे दोन्ही अपेक्षेप्रमाणेच होतं. गंमत मधल्या दोघांत. तिसरा, पावडरमधला, 10 चा 10! आणि दुसरा, भारी लिक्विडमध्ये धुतलेला पण चोळलेला, 9 वर आला होता. कडा मुडपलेल्या, टाके पुसट.

ताई चौकोन हातात घेऊन बघतच राहिली. आटवलं होतं ते चोळण्यानं. लिक्विड कितीही चांगलं असलं तरी चोळल्यावर ते लोकरीला वाचवू शकलं नव्हतं. बाजारातून खास बाटली आणायची आणि मग स्वेटर धोपटून, ब्रश मारून, मशीनमध्ये गरगर फिरवून धुवायचा, हे पुष्कळ घरांत चालतं. मग आटला की बाटलीला दोष.

ईशान मात्र समाधानी नव्हता. "चौथ्यात आपण दोन गोष्टी बदलल्या," तो म्हणाला. "पाणी पण गरम केलं आणि पावडर पण. मग जास्त कशानं आटला ते कसं कळणार?" बरोबर पकडलं होतं त्यानं. त्यासाठी पाचवा चौकोन हवा होता, गरम पाणी आणि लिक्विड असा. पण गुंडा संपला होता. गरम पाण्यात तंतू जास्त लवचीक होतात आणि पावडरच्या पाण्यात जास्त फुगतात, म्हणजे मदत दोघांनी केली. पण कुणी किती, हे आमच्या चार चौकोनांवरून सांगता येत नाही.

"मग पावडर चालते तर! पहिला आणि तिसरा सारखेच आहेत," तो म्हणाला.

"डोळे मिट आणि हात लाव," आजी म्हणाली. तिनं दोन्ही चौकोन त्याच्या गालाला लावले. पहिला मऊ. तिसरा किंचित खरखरीत, निर्जीव. फरक फार नव्हता, पण होता. आणि हे एकाच धुण्यात, दहा मिनिटांत.

हे समजून घ्यायला आम्हाला हळद लागली. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. ओटीतलं कुंकूसुद्धा परंपरेनं हळदीपासूनच करतात, तिच्यात चुन्यासारखा अल्कली पदार्थ मिसळून. म्हणजे हळद ही एक जासूद आहे. अल्कली भेटला की लाल होऊन चुगली करते. आम्ही चमचाभर हळद पाण्यात कालवून त्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवल्या आणि वाळवल्या. मग एका पट्टीवर पावडरच्या पाण्याचा थेंब टाकला. लगेच तांबडा! कपडे धुण्याच्या वडीच्या पाण्याचाही तांबडा. वूल वॉशचा थेंब टाकला, पट्टी पिवळीच राहिली. शांपूचीही पिवळी. आजीनं रिठे उकळून ठेवले होते, त्या पाण्याचीही पिवळी.

विज्ञानाच्या पुस्तकात सामू नावाचं माप असतं. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. वूल वॉशचा सामू 7 च्या आसपास असतो. नेहमीच्या पावडरच्या पाण्याचा साधारण 10 ते 11. आकडे जवळचे वाटतात, पण सामूची एकेक पायरी दहापटीची असते. 7 आणि 10 मधला फरक हजारपट!

पावडरमध्ये हा अल्कली, म्हणजे मुख्यतः धुण्याचा सोडा, कुणाच्या वाईटावर म्हणून घातलेला नसतो. तेलकट मळ त्यानं सुटतो आणि आपल्याकडचं जड पाणीही जरा हलकं होतं. सुती कपड्याला त्याचं काहीच वाटत नाही. कारण सूत झाडापासून येतं, ते सेल्युलोजचं असतं. लोकर प्राण्याची, ती केराटिन नावाच्या प्रथिनाची. आपली नखं आणि केस ज्याचे असतात तेच हे. त्याच्या लांबलचक साखळ्या शिडीसारख्या पायऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. अल्कली या पायऱ्या हळूहळू तोडतो. लोकर खरखरीत होते, पिवळट पडते, कमजोर होते. ब्लीच तर त्याहून वाईट. पांढऱ्या स्वेटरवर ब्लीच ओतलात तर डागाबरोबर लोकरच विरघळायला लागेल.

आणि पावडरच्या पुडीत आणखी एक मंडळी दडलेली असतात. अंडं, दूध, रक्त यांचे डाग काढायला पुष्कळ पावडरींमध्ये एन्झाइम घालतात. पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात. हे डाग प्रथिनांचे, म्हणून प्रथिनं कापणारी विकरं. त्यांना डोळे नसतात. हे डागाचं प्रथिन, हे स्वेटरचं, असा भेद ती करत नाहीत. कोमट पाणी आणि भरपूर वेळ मिळाला की ती लोकरीलाही कुरतडतात. म्हणून स्वेटर रात्रभर पावडरमध्ये भिजत घालणं सगळ्यात वाईट. सकाळी तो आटलेला दिसत नाही, आईला वाटतं काही झालं नाही. चार-सहा धुण्यांनंतर कोपरावर जाळी दिसू लागते आणि दोष जातो कसरीला.

वूल वॉशमध्ये हे तिन्ही नसतात. ना सोडा, ना ब्लीच, ना प्रथिनं कापणारी विकरं. मळ सोडवणारा सौम्य पदार्थ तेवढा असतो. म्हणजे तो आटणं थांबवत नाही, झिजणं थांबवतो. आटणं थांबवायचं काम आपल्या हातांचं.

रेशमाचं थोडं निराळं आहे. रेशीमही प्रथिनच, त्यामुळे सोडा आणि विकरं त्यालाही मानवत नाहीत, त्याची झळाळी जाते. पण रेशमाच्या धाग्यावर खवले नसतात, तो चालत नाही, नमदा होत नाही. रेशमी आणि लोकरी कपड्यांना आपल्याकडे रिठा वापरायचे ते उगाच नाही. त्याचा फेस होतो आणि पाणी किंचित आम्लच राहतं. जरीच्या पैठणीला मात्र प्रयोगासाठी हात लावू नका. आजी रागावते. आमची रागावली.

तिसऱ्या दिवशी आजीनं ईशानला स्वतःचा स्वेटर धुऊन दाखवला. आधी जुनी चादर पसरली, स्वेटर त्यावर ठेवला आणि त्याच्या कडेनं खडूनं रेघ काढली. का ते मग कळलं. अर्ध्या बादलीत पाणी घेतलं. किती कोमट? हात घातल्यावर ना गरम वाटलं पाहिजे, ना गार, म्हणजे साधारण 30 अंश. त्यात बाटलीवर लिहिलं होतं तेवढं लिक्विड घालून ढवळलं. स्वेटर उलटा करून बुडवला आणि पाच-सात मिनिटं तसाच ठेवला. मळलेल्या कफांवर बोटांनी नुसतं दाबलं, चोळलं नाही. बाहेर काढताना खांद्याला धरून उचलला नाही, दोन्ही तळवे खाली घालून बाळासारखा उचलला. ओली लोकर कमजोर असते आणि पाण्यानं जड झालेला स्वेटर स्वतःच्या वजनानं ओढला जातो. मग तशाच कोमट पाण्यात दोनदा बुडवून काढला. पिळला अजिबात नाही. टॉवेलवर पसरला, टॉवेलसकट पोळीच्या गुंडाळीसारखा गुंडाळला आणि वरून दाबला. पाणी टॉवेलनं पिऊन टाकलं.

शेवटी तो खडूच्या रेघेवर ठेवला. एक बाही दोन बोटं आत आली होती, ती हलकेच ओढून रेघेला लावली. सावलीत, पंख्याखाली, आडवा. दोरीवर टांगला असता तर बाह्या गुडघ्यापर्यंत गेल्या असत्या, आणि कडक उन्हानं लोकर पिवळी पडते.

"शाळेचा स्वेटर तर आई मशीनमध्येच टाकते," ईशान म्हणाला. खरं आहे. पण त्याच्या लेबलवर ॲक्रिलिक लिहिलं होतं. तो कारखान्यात बनलेला धागा, त्याला खवले नाहीत. तो नमदा होत नाही, फक्त जास्त गरम पाण्यात नि इस्त्रीत ढिला पडतो. काही खऱ्या लोकरीच्या स्वेटरवरही मशीनमध्ये चालेल असं छापलेलं असतं. त्या लोकरीचे खवले कारखान्यात क्लोरीननं बोथट करून वर प्लास्टिकसारखा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. चालायला पायच उरत नाहीत. लेबलवर पाण्याच्या टबाचं चित्र असेल आणि त्यात हात काढलेला असेल, तर हातानं धुवा. टबावर फुली असेल तर पाण्यात घालूच नका.

राहिला बाबांचा स्वेटर. ताईनं केसांचं कंडिशनर कोमट पाण्यात घालून तो अर्धा तास बुडवून ठेवला आणि सगळ्यांनी मिळून ओढून पाहिला. बाह्या जेमतेम बोटभर वाढल्या. दीड तास चालून गेलेले तंतू, ते कसले परत येतात! ईशानला तो अंगात बसत होता, पण गळा इतका आवळ की डोकं घालताना कान लाल व्हायचे.

"समोरून उभा कापू आणि बटणं लावू," मी म्हटलं. आजी दचकली. विणलेल्या कपड्याला कात्री लावली की टाके सुटत जातात, हे तिला साठ वर्षं माहीत होतं. मी आधी चौथा चौकोन कापून दाखवला. तरी तिचा विश्वास बसेना. ताईनं कात्री चालवली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. गळ्यापासून खालपर्यंत, कर्र कर्र. मग एक डोळा उघडून तिनं कडेवरून बोट फिरवलं. एकही टाका सुटला नव्हता.

ईशान आता ते जाकीट घालतो. भाऊजींसाठी आजीच्या सुयांवर नवा स्वेटर चढलाय, निळा. घरी विणलेल्या स्वेटरला लेबल नसतं, म्हणून ईशाननं पांढऱ्या फितीवर पेनानं टब काढून ठेवलाय. टबात हात आहे. हाताला पाचऐवजी सहा बोटं झालीत, पण आजी म्हणते तेच शिवायचं.